वार्षिक शुल्क: खर्चाने माफ, बोलून माफ

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर वर्षातून एकदा दोन ओळी जास्तीच्या येतात. एक वार्षिक शुल्काची आणि तिच्याखाली त्यावरच्या १८ टक्के जीएसटीची. शुल्क ९९९ रुपये असेल, तर खिशातून ११७८ रुपये ८२ पैसे जातात. बरेच जण हे पैसे मुकाट भरतात, कारण ते माफ होऊ शकतात हे त्यांना माहीतच नसतं. काही जणांना माहीत असतं, पण हे शुल्क दोन अगदी वेगळ्या वाटांनी माफ होतं याचा उलगडा झालेला नसतो. पहिली वाट खर्चाच्या लक्ष्याची. बँकेने ठरवून दिलेला खर्च वर्षभरात केला, की माफी हा तुमचा हक्क असतो आणि कुणाची विनवणी करावी लागत नाही. दुसरी वाट बोलण्याची. तिथे बँकेची मर्जी असते, आणि ती मर्जी तुम्ही बँकेला किती कमावून देता यावर चालते.

हे लक्ष्य कुठून येतं, ते आधी पाहू. तुम्ही दुकानात कार्ड वापरता, तेव्हा दुकानदाराच्या हाती पूर्ण रक्कम पडत नाही. त्यातून ढोबळमानाने दीड ते दोन टक्के कापले जातात आणि त्याचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. समजा, बँकेच्या वाट्याला दीड टक्का आला आणि त्यातला एक टक्का तिने तुम्हाला रिवॉर्ड पॉइंट किंवा कॅशबॅक म्हणून परत दिला. उरला अर्धा टक्का. दोन लाखांच्या खर्चावर हा अर्धा टक्का म्हणजे हजार रुपये. आता ९९९ रुपये शुल्क आणि दोन लाखांचं लक्ष्य ही जोडी कुठून आली, याचा अंदाज येतो. हा हिशेब ढोबळ आहे. बँकेला थकबाकीवरच्या व्याजातून आणि इतर आकारांतूनही पैसे मिळतात. पण दिशा हीच. अमुक इतका खर्च करणाऱ्या ग्राहकाकडून शुल्क न घेताही आपलं भागतं, असं बँक या लक्ष्यातून सांगत असते. पुढे फोनवर बोलताना ही गोष्ट उपयोगी पडते, म्हणून ती आधी सांगितली.

बाजारात अशा जोड्या बऱ्याच आहेत. एसबीआयच्या कॅशबॅक कार्डाची ओळख ९९९ रुपये आणि दोन लाख अशी आहे, एचडीएफसीच्या मिलेनियाची एक हजार आणि एक लाख, तर त्याच बँकेच्या रेगालिया गोल्डची अडीच हजार आणि चार लाख. पण हे आकडे कायमचे नसतात. फ्लिपकार्ट अॅक्सिस कार्डाचं लक्ष्य २०२३ मध्ये दोन लाखांवरून साडेतीन लाखांवर गेलं, शुल्क मात्र पाचशेच राहिलं. म्हणून कार्ड घेताना पाहिलेला आकडा तीन वर्षांनी तसाच असेल असं धरून चालू नये. दर वर्षी एकदा बँकेच्या संकेतस्थळावर आपल्या कार्डाच्या अटींचा कागद उघडावा. त्याला बँका ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स’ म्हणतात.

त्या कागदात दोन गोष्टी शोधायच्या. पहिली, वर्ष कोणतं धरलं आहे. बहुतेक बँकांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर नसतं आणि एप्रिल ते मार्चही नसतं. कार्ड ज्या तारखेला दिलं गेलं, तिथून बारा महिने मोजले जातात. दिवाळीत भरपूर खरेदी केली म्हणून निर्धास्त राहिलेल्या माणसाचं कार्ड-वर्ष सप्टेंबरमध्येच संपलेलं असतं. मग दिवाळीचा सगळा खर्च नव्या वर्षात मोजला जातो आणि जुन्या वर्षाचं लक्ष्य हुकतं. दुसरी गोष्ट, कोणता खर्च मोजला जात नाही. रोख काढलेली रक्कम, बँकेने लावलेले आकार, व्याज आणि जीएसटी सहसा कुठेच मोजत नाहीत. पेट्रोल, घरभाडं आणि वॉलेटमध्ये भरलेले पैसे बऱ्याच बँका वगळतात. काही बँका त्याहून पुढे जातात. आयसीआयसीआय बँकेने नोव्हेंबर २०२४ पासून घरभाडं, सरकारी भरणा आणि शिक्षण शुल्क हे तिन्ही शुल्कमाफीच्या मोजणीतून काढले. मुलांची फी कार्डाने भरून लक्ष्य गाठणाऱ्या घरांना हा बदल थेट लागला. आणि परत केलेल्या वस्तूचे पैसे कार्डावर जमा झाले, की ती खरेदी वजा होते, हे लोकांच्या सर्वांत कमी लक्षात राहतं.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा, नाशिकमधल्या एका शिक्षिकेचं कार्ड १२ ऑगस्टला सुरू झालं. शुल्क ९९९, लक्ष्य दोन लाख. २० जुलैला, म्हणजे वर्ष संपायला तीन आठवडे असताना, त्यांनी बारा महिन्यांच्या स्टेटमेंटवरच्या सगळ्या नोंदींची बेरीज केली. ती आली २ लाख ३१ हजार ६०० रुपये. म्हणजे लक्ष्य कधीच पार झालं, असं वाटावं. पण या कार्डाच्या अटींत पेट्रोल आणि वॉलेट वगळलेले आहेत. पेट्रोल दरमहा दोन हजारांचं, म्हणजे वर्षाचे २४ हजार गेले. वॉलेटमध्ये भरलेले साडेनऊ हजार गेले. एक मोबाइल आवडला नाही म्हणून परत केला होता, त्याचे १८ हजार ९०० गेले. गेल्या वर्षीच्या शुल्काचे, जीएसटीसह, ११७९ रुपयेही बेरजेत शिरले होते, तेही गेले. एकूण ५३ हजार ५७९ वजा झाले आणि मोजण्याजोगा खर्च उरला १ लाख ७८ हजार २१ रुपये. लक्ष्याला सुमारे २२ हजार कमी.

इथे माणसाची घाई होते आणि पैसे वाया जातात. अकराशे ऐंशी रुपये वाचवायला बावीस हजारांची खरेदी करायची, तर ती वस्तू खरोखर हवी असायला पाहिजे. म्हणून प्रश्न असा विचारायचा: येत्या महिना-दोन महिन्यांत मला जे पैसे एरवीही द्यायचेच आहेत, त्यातले कोणते तीन आठवड्यांच्या आत आणता येतील? आमच्या शिक्षिकाबाईंचा किराणा, औषधं आणि फोनचं बिल मिळून तीन आठवड्यांचा नेहमीचा खर्च नऊ हजार. आयुर्विम्याचा वार्षिक हप्ता १४ हजार ६००, त्याची देय तारीख २५ ऑगस्ट. विमा कंपन्या साधारणपणे देय तारखेच्या महिनाभर आधी हप्ता स्वीकारतात. विम्याचा खर्च आपल्या कार्डावर मोजला जातो, हे अटींच्या कागदात पाहून त्यांनी तो १ ऑगस्टला भरला. नऊ हजार आणि १४ हजार ६०० मिळून २३ हजार ६००. लक्ष्य गाठलं आणि वर सोळाशे रुपये हाताशी राहिले. यातला एकही रुपया जास्तीचा खर्च झाला नाही, म्हणून वाचलेले ११७८ रुपये ८२ पैसे खरे वाचले.

सोळाशेची ती जागा मुद्दाम सोडावी. नेमकी दोन लाखांवर गाडी थांबवली आणि मागवलेल्यातला एक कुर्ता परत केला, तर लक्ष्य पुन्हा हुकतं. शेवटच्या दिवसापर्यंत थांबणंही धोक्याचं. कार्ड वापरताच फोनवर संदेश येतो खरा, पण दुकानदाराच्या बँकेकडून पक्की नोंद यायला एक-दोन दिवस, कधी अधिक लागतात, आणि अनेक बँका पक्की नोंद झालेलाच खर्च मोजतात. शेवटचा मोठा खर्च वर्ष संपण्याच्या आठवडाभर आधी उरकलेला बरा. काही बँकांच्या अॅपमध्ये लक्ष्याकडे किती वाटचाल झाली, हे दाखवणारी पट्टी असते. ती नसेल तर कस्टमर केअरला लेखी विचारावं, म्हणजे ईमेलने किंवा अॅपमधल्या विनंतीतून: माझ्या कार्ड-वर्षाची शेवटची तारीख कोणती आणि आजवर माफीसाठी धरलेला खर्च किती? उत्तरातला आकडा आपल्या बेरजेशी जुळला नाही, तर वाद घालायला अजून वेळ हातात असतो.

लक्ष्याच्या मागे लागणं कधी तोट्याचं ठरतं, तेही आकड्यांत पाहू. घरात दोन कार्डं आहेत. एकावर एक टक्का परतावा मिळतो, दुसऱ्यावर दोन टक्के. पहिल्याचं शुल्क वाचवायला दुसऱ्यावरचा खर्च इकडे वळवला, तर वळवलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे एक रुपया गेला. शुल्क जीएसटीसह ११७९ रुपये, म्हणजे जास्तीत जास्त १ लाख १८ हजारांपर्यंत खर्च वळवणं परवडतं. पहिल्या कार्डावर वर्षाला एरवी साठच हजार खर्च होत असतील, तर दोन लाखांसाठी १ लाख ४० हजार वळवावे लागतील. त्यात परताव्याचे चौदाशे रुपये बुडतील आणि वाचतील ११७९. अशा वेळी लक्ष्य सोडून द्यावं. शुल्क भरून टाकावं, नाहीतर कार्डच बंद करावं.

याहून मोठा तोटा व्याजाचा आहे. लक्ष्यासाठी खर्च वाढवला आणि बिल पूर्ण भरता आलं नाही, समजा तीस हजार बाकी राहिले. दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज १०५० रुपये, त्यावर जीएसटी १८९, मिळून १२३९. एका महिन्यात वर्षाचं शुल्क निघून गेलं, आणि हा हिशेबही सौम्य आहे. बाकी ठेवली, की व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. दर महिन्याचं बिल पूर्ण भरणाऱ्यानेच या लक्ष्याच्या भानगडीत पडावं, असं माझं ठाम मत आहे.

लक्ष्य गाठूनही शुल्काची ओळ स्टेटमेंटवर दिसली, तर लगेच घाबरू नये. काही बँका आधी शुल्क लावतात आणि नंतर, बहुधा पुढच्या स्टेटमेंटमध्ये, ते उलट जमा करतात. काही बँका लावतच नाहीत. आपल्या बँकेची रीत अटींच्या कागदात असते. उलट जमा झालं तर दोन नोंदी यायला हव्यात, एक शुल्काची आणि एक जीएसटीची. नुसते ९९९ परत आले आणि १७९ रुपये ८२ पैसे तिकडेच राहिले, असं झालं तर ते विचारून घ्यावेत. दरम्यान त्या बिलाची रक्कम देय तारखेपर्यंत भरावीच. ‘शुल्क माफ होणार आहे, मग कशाला भरू?’ असं म्हणून हजार रुपये थकवणारे लोक विलंब आकार, व्याज आणि क्रेडिट अहवालातला डाग असं तिहेरी ओझं घेतात. पुढे माफी मिळाली, की भरलेले पैसे कार्डावर जमा राहतात. ते कुठे जात नाहीत.

आता दुसरी वाट. लक्ष्य हुकलं आहे, किंवा कार्डाला लक्ष्याची सोयच नाही, आणि शुल्क लागलं आहे. इथे कस्टमर केअरच्या माणसासमोर तुमच्या खात्याचा पडदा उघडा असतो. त्यावर वर्षभराचा खर्च, बिलं वेळेवर भरल्याची किंवा न भरल्याची नोंद, बँकेतली तुमची इतर खाती आणि आधी कधी माफी दिली होती का, हे सगळं असतं. त्याच्या हातात किती द्यायचं, हेही बरंचसं आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे आवाज चढवून किंवा दुःख सांगून फार काही मिळत नाही. ग्राहक खरंच निघून जाईल असं बँकेला वाटलं आणि त्याच्या जाण्याने बँकेचं नुकसान होणार असेल, तरच सवलत मिळते. या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात.

म्हणून दोन लाखांच्या लक्ष्यापैकी १ लाख ६० हजार खर्च करणाऱ्याचं म्हणणं ऐकलं जातं; वर्षभरात चार हजार खर्च करणाऱ्याचं क्वचितच. पगाराचं खातं त्याच बँकेत असणं, अनेक वर्षं कार्ड वापरणं, गेल्या वर्षी माफी न मागितलेली असणं, हे सगळं बाजूने पडतं. वर्षाच्या मध्यात बँकेने विमानतळ लाउंजची सोय काढली किंवा रिवॉर्ड कमी केले असतील, तर तोही मुद्दा सांगता येतो: ज्यासाठी शुल्क देत होतो ती सोयच राहिली नाही. उलट, नूतनीकरणाबरोबर शुल्काइतकंच व्हाउचर मिळणाऱ्या कार्डावर बोलणी बहुधा चालत नाहीत, आणि ते व्हाउचर वापरून झाल्यावर तर नाहीच. फार महागड्या कार्डांवरही बँका ताठ राहतात. पहिल्याच वर्षी लागणाऱ्या शुल्कावर माफी मागणंही व्यर्थ असतं. तिथे जे ठरवायचं ते कार्ड घेण्याआधी ठरवायला हवं.

फोन कधी करावा? शुल्काची नोंद झाल्यावर आणि बिलाच्या देय तारखेआधी. फार आधी केला, तर ‘शुल्क लागल्यावर बोला’ हेच उत्तर मिळतं. बोलणं साधं आणि स्पष्ट असावं. साधारण असं:

‘नमस्कार, माझ्या कार्डाला या महिन्यात वार्षिक शुल्क लागलं आहे. चार वर्षं कार्ड वापरतेय, बिल एकदाही थकलेलं नाही, यंदा १ लाख ६० हजार खर्च झाला आहे. शुल्क भरून हे कार्ड ठेवणं मला परवडत नाही. ते परत होणार असेल तर ठेवते, नाहीतर बंद करण्याची विनंती नोंदवा.’

पलीकडून पहिल्यांदा ‘मॅडम, सिस्टिममध्ये पर्याय दिसत नाही’ असं येईल. त्यावर वाद न घालता म्हणावं, ‘मग कार्ड बंद करण्याच्या विभागाकडे फोन जोडून द्या.’ अनेक बँकांमध्ये ग्राहक टिकवण्यासाठी वेगळी माणसं असतात आणि देण्यासारखं जे असतं, ते त्यांच्याकडे असतं. पण हे वाक्य पोकळ धमकी म्हणून बोलू नये. ‘ठीक आहे, बंद करतो’ असं उत्तर आलं, तर ते आपल्याला खरोखर चालणार असेल तरच फोन उचलावा.

समोरून सहसा चारपैकी एक गोष्ट येते. पूर्ण माफी आली तर प्रश्नच मिटला. अर्धी माफी आली, तर जीएसटीही निम्मा होणार का, हे विचारावं. तिसरा प्रकार अटीचा: ‘पुढच्या साठ दिवसांत तीस हजार खर्च करा, मग शुल्क परत करू.’ इथे वगळलेल्या खर्चांची यादी पुन्हा लागू होते का आणि मुदत कोणत्या तारखेपासून, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय होकार देऊ नये. चौथा प्रकार पॉइंटचा. ‘दोन हजार पॉइंट देतो’ हे ऐकायला दोन हजार रुपयांसारखं वाटतं. पण एका पॉइंटची किंमत २५ पैसे असेल, तर ते पाचशे रुपये झाले, आणि शुल्क ११७९ रुपयेच राहिलं. कधी पाचवा पर्यायही निघतो, आणि मला तो अनेकदा सर्वांत चांगला वाटतो: हेच कार्ड त्याच बँकेच्या बिनशुल्क किंवा कमी शुल्काच्या प्रकारात बदलून घेणं. त्यात कर्जमर्यादा आणि जुन्या खात्याचा इतिहास बहुधा टिकतो. काहीही ठरलं, तरी विनंतीचा क्रमांक घ्यावा आणि जे कबूल झालं ते एसएमएस किंवा ईमेलवर मागावं. पुढच्या स्टेटमेंटमध्ये नोंद दिसली नाही, तर तो क्रमांक हाच आपला पुरावा.

आणि बंद करायची वेळ आलीच, तर नियम ग्राहकाच्या बाजूने आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आखलेल्या कार्डविषयक नियमांनुसार, थकबाकी नसेल तर विनंती आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केलं पाहिजे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो. ‘पोस्टाने अर्ज पाठवा’ असा आग्रह धरता येत नाही. हेल्पलाइन, ईमेल, अॅप, संकेतस्थळ हे मार्ग खुले ठेवावे लागतात. बँकेला आकार बदलायचे असतील, तर किमान महिनाभर आधी कळवावं लागतं, आणि त्या बदलामुळे ग्राहकाला कार्ड परत करायचं असेल, तर त्याचा वेगळा आकार लावता येत नाही. तक्रारीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य दाद मागता येते.

बंद करण्याआधी चार कामं उरकावीत. नुकतंच लागलेलं शुल्क कार्ड बंद करताना उलटवणार का, हे विचारून घ्यावं, कारण ते थकबाकी म्हणून राहिलं तर बंद होण्याची प्रक्रियाच अडते. साठलेले पॉइंट वापरून टाकावेत. कार्ड गेलं, की ते सहसा जातात. विजेचं बिल, विमा, चित्रपटांचं अॅप अशा ज्या ठिकाणी हे कार्ड आपोआप पैसे भरायला जोडलेलं असेल, तिथे दुसरं जोडावं. आणि या कार्डाची मर्यादा घरातल्या इतर कार्डांच्या तुलनेत किती, ते पाहावं. दोन लाखांचं एक आणि एक लाखाचं दुसरं असताना महिन्याला साठ हजार खर्च म्हणजे एकूण मर्यादेच्या वीस टक्के. दोन लाखांचं बंद केलं, तर तोच खर्च साठ टक्के दिसतो आणि क्रेडिट स्कोअर काही काळ खाली येऊ शकतो. वर्षभरात गृहकर्जाचा अर्ज करायचा विचार असेल, तर ११७९ रुपये भरून कार्ड ठेवणं, किंवा बिनशुल्क प्रकारात बदलून घेणं, हे बंद करण्यापेक्षा स्वस्त पडतं. बंद केलंच, तर थकबाकी शून्य असल्याचं बँकेचं पत्र मागून ठेवावं आणि दोन महिन्यांनी क्रेडिट अहवालात ते खातं ‘क्लोज्ड’ म्हणून दिसतंय का, ते तपासावं.